'क्तो वीदित?' म्हणजे कोण बघतंय, बॉस?

रशियन शिकायला तुमच्याकडे वेळ नाही, मान्य. विरार फास्टमध्ये एका पायावर उभं राहून कुणी व्याकरण शिकत नसतं. पण या आठवड्यात फक्त दोन शब्द पाठ करा: «кто видит». उच्चार साधारण 'क्तो वीदित', अर्थ 'कोण बघतं'. आपल्याकडच्या जाहीर नोटिशीत 'तमाम लोकांस विदित असावे' असं छापून येतं ना, त्यातलं 'विदित' आणि हे रशियन 'वीदित' हे एकाच खापरपणजीची पोरं. आपल्याकडे त्याचा अर्थ 'जाणणं' झाला, त्यांच्याकडे 'बघणं'. आणि फोटो टाकणाऱ्या कुठल्याही माणसाला नेमकं तेच हवं असतं, नाही का? कोण बघतंय ते जाणून घेणं!

हे सगळं सुचलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. मावशी राहते विरारला आणि पोरगी शिकतेय एमबीबीएस, व्होल्गाकाठच्या एका शहरात. दुसरं वर्ष. घरून निघाली तेव्हा तिच्या फोनमध्ये इन्स्टाग्रामशिवाय दुसरं काही उघडत नव्हतं. तिथे गेल्यावर तिला कळलं की आपलं सगळं जग तिकडे दाराबाहेर आहे. मार्च 2022 मध्ये रशियाने इन्स्टाग्राम बंद केलं, आणि तेव्हापासून ते उघडायचं तर व्हीपीएनची कसरत. त्याच महिन्यात 'रॉसग्राम' नावाच्या देशी नकलेची मोठी घोषणाही झाली होती, पण तरुण मंडळी गेली ती जुन्याच घरी, व्हीकेवर. व्हीके म्हणजे 'व्हकाँताक्ते'. 2006 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या पावेल दुरोवने सुरू केलेलं. (हो, तोच तो, पुढे टेलिग्राम काढणारा. व्हीके त्याने 2014 मध्ये सोडलं.) फोटो, स्टोरी, मेसेज, गाणी, कॉलेजचे ग्रुप, सगळं एकाच पिशवीत. वर्गाचं टाइमटेबल त्यावर येतं, हॉस्टेलची सूचना त्यावर येते, त्यामुळे 'मला नकोच ते अ‍ॅप' म्हणायची सोय नाही.

भानगड झाली ती एका कोऑर्डिनेटरमुळे. हा प्राणी ज्यांची पोरं परदेशात शिकतात त्यांना माहीत असेल. स्वतः तिथलाच सीनियर विद्यार्थी, आणि जोडीला इथल्या एखाद्या अ‍ॅडमिशनवाल्याचं काम बघणारा. हॉस्टेलचे कागद, व्हिसाचं रजिस्ट्रेशन, सगळं त्याच्या हातून जातं, म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळ्या नव्या पोरींनी त्याला फ्रेंड म्हणून घेतलेलं. एक दिवस त्याने नदीकाठचा एक ग्रुप फोटो टाकला, वर मजकूर 'आमचे आनंदी विद्यार्थी', आणि त्यात नऊ जणांना टॅग. मावसबहिणीला विचारलं? छे! दोन दिवसांत तिच्या इनबॉक्समध्ये अनोळखी लोकांचे मेसेज. फी किती, जेवण कसं, मुलींना सेफ आहे का. एक गृहस्थ तर तिच्या स्टोरीवरून हॉस्टेलच्या खिडकीबाहेरचा पूल ओळखून 'मी तिथेच जवळ राहतो' असं लिहून मोकळे झाले. त्या रात्री तिचा फोन आला, ''ताई, मला हे अ‍ॅप वाचून दाखव.''

वाचून दाखव म्हणजे? बाईसाहेबांनी अ‍ॅप मुद्दाम रशियन भाषेत ठेवलेलं. पुढे वॉर्डात पेशंट रशियनच बोलणार, तेव्हा जितके शब्द डोळ्यांखालून जातील तितकं बरं, हा त्यामागचा विचार. विचार सहीच आहे. फक्त रोज दिसणारे शब्द वेगळे आणि सेटिंगमधले वेगळे. मग एका रविवारी तिने स्क्रीनशॉट पाठवले, मी डिक्शनरी घेऊन बसले, आणि आम्ही ते पान ओळीओळीने वाचून काढलं.

आत शिरायचं «Настройки», म्हणजे सेटिंग, आणि त्यातलं «Приватность», म्हणजे प्रायव्हसी. अपडेट आलं की बटणं इकडची तिकडे होतात, पण हे दोन शब्द सापडले की वाट सापडते. आत गेल्यावर लांबलचक यादी. घाबरायचं नाही! जवळजवळ प्रत्येक ओळ एकाच साच्यातली आहे. सुरुवातीला «кто видит», कोण बघतं, किंवा «кто может», कोण करू शकतं. पुढे ती गोष्ट: माझी मूळ माहिती, माझे ग्रुप, माझ्या फोटोंचं ठिकाण. आणि ओळीच्या शेवटी उत्तर. म्हणजे ही यादी नसून प्रश्नपत्रिका आहे, आणि कुणीतरी उत्तरं आधीच भरून ठेवलेली आहेत. आपलं काम एवढंच, की भरलेली उत्तरं आपली आहेत का ते बघायचं.

पहिली ओळ शोधली स्टोरीची: «Кто видит мои истории», माझ्या स्टोरीज कोण बघतं. ('इस्तोरिया' म्हणजे इतिहासही आणि स्टोरीही. चोवीस तासांत पुसला जाणारा इतिहास, काय पण!) तिच्या फोनवर उत्तर होतं «Друзья и друзья друзей». 'द्रुज्या' म्हणजे मित्र. म्हणजे मित्र आणि मित्रांचे मित्र.

ऐकायला किती घरगुती वाटतं! पण हिशेब करून बघू. तिच्या यादीत 212 मित्र. प्रत्येकाचे दीडशे धरले तर आकडा होतो 31,800. वर्ग एकच, हॉस्टेल एकच, म्हणून निम्मी नावं सामायिक आहेत असं समजून उडवली, तरी उरतात 15,900. वसई रोडच्या एखाद्या कॉम्प्लेक्समधल्या सगळ्या बिल्डिंग मिळूनही एवढी माणसं भरणार नाहीत. आणि गंमत म्हणजे हा आकडा तिच्या हातातच नाही. उद्या तिच्या एका मैत्रिणीने शंभर अनोळखी रिक्वेस्ट स्वीकारल्या, की हिच्या स्टोरीला शंभर नवे प्रेक्षक, हिने बोटही न हलवता. तो पुलाजवळचा गृहस्थ असाच आला होता. कोऑर्डिनेटरचा मित्र. म्हणजे सेटिंगप्रमाणे तो आगंतुक नव्हताच, रीतसर निमंत्रित होता.

बाकीची उत्तरंही वाचली. «Все пользователи», सगळेच वापरणारे. «Только друзья», फक्त मित्र. 'तोल्का' म्हणजे फक्त, हा शब्द लक्षात ठेवा, सगळ्या यादीत सगळ्यात कामाचा. «Некоторые друзья», काही निवडक मित्र, ज्यांची नावं आपण टाकायची. «Только я», फक्त मी. आणि एक मोहात पाडणारं: «Все, кроме…», अमुक सोडून सगळे.

मावसबहीण लगेच त्यावर झडप घालायला निघाली. ''ताई, कोऑर्डिनेटरचं नाव टाकते आणि झालं!'' थांब म्हटलं. शब्दांचा क्रम बघ. आधी 'सगळे', मग स्वल्पविराम, मग 'सोडून'. म्हणजे एका माणसासाठी दार बंद करताना उरलेल्या जगासाठी ते सताड उघडतंय. त्या माणसाने दुसरं अकाउंट उघडलं, नाहीतर रूममेटचा फोन घेतला, की खेळ खलास. ज्याला टाळायचंय त्याचं नाव लिहिण्यापेक्षा ज्यांना दाखवायचंय त्यांची नावं लिहिणं नेहमी जास्त घट्ट बसतं. शेवटी तिने «Некоторые друзья» निवडलं आणि चौदा नावं टाकली. 212 पैकी चौदा! ती स्वतःच बघत राहिली.

मग त्याला सरळ ब्लॉकच का नाही केलं? व्हीकेमध्ये त्याला «Чёрный список» म्हणतात, काळी यादी, आणि ती चालतेही. पण पुढच्या महिन्यात रजिस्ट्रेशनचे कागद त्याच्याकडूनच घ्यायचे होते. आपल्या ऑफिसातही हेच असतं की! बॉसला इन्स्टावर ब्लॉक करता येतं, पण मग सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये तोंड कसं दाखवणार? निवडक नावांच्या यादीचा फायदा हा, की बाहेर राहिलेल्याला आपल्याला बाहेर ठेवलंय असा निरोप जात नाही. त्याला वाटतं, पोरगी हल्ली स्टोरीच टाकत नाही.

व्हीकेची एक खासियत इथे सांगायला हवी, कारण इन्स्टावाल्यांची इथे हमखास गफलत होते. व्हीकेवर 'मित्र' आणि 'सबस्क्रायबर' वेगळे. कुणी रिक्वेस्ट पाठवली आणि तुम्ही ती स्वीकारली नाही, की तो माणूस नाहीसा होत नाही, तो तुमचा सबस्क्रायबर होऊन बसतो. मित्राला यादीतून काढलं तरी तो जातो तो याच बाकावर. म्हणजे 'काढून टाकलं' हे अर्धसत्य. स्टोरी «Только друзья» किंवा त्याहून आत असेल तर बाकावरच्याला ती दिसत नाही. «Все» असेल तर त्याला काढण्याने काहीच फरक पडत नाही. सेटिंग नीट बसली की नाही हे कळायला दोन उपाय. एक, स्टोरी टाकल्यावर ती कोणी बघितली त्या यादीवर नजर ठेवायची. चौदांच्या बाहेरचं नाव दिसलं तर कुठेतरी भोक आहे. दुसरा जास्त खात्रीचा, यादीत नसलेल्या एखाद्या मैत्रिणीचा फोन पाच मिनिटं मागून घ्यायचा आणि त्यावरून स्वतःचं पान उघडायचं.

आता टॅग. खरा घोळ इथे आहे, आणि मावसबहिणीचीही इथेच सगळ्यात जास्त निराशा झाली.

यादीत ओळ सापडली: «Кто видит фотографии, на которых меня отметили». पल्लेदार वाक्य आहे, पण फोडलं की सोपं. कोण बघतं ते फोटो, ज्यांवर मला 'अत्म्येतिली', म्हणजे खूण केली. तिने लगेच «Только я» केलं आणि सुस्कारा सोडला. मग कोऑर्डिनेटरच्या पानावर जाऊन बघितलं तर फोटो तिथेच! तीच नदी, तोच मजकूर, तीच ही दात काढून हसतेय.

का? कारण ही ओळ फोटोबद्दल नाहीच. तुमच्या पानावर 'हिचे टॅग झालेले फोटो' अशी जी एक रांग लागते, त्या रांगेबद्दल ती आहे. फोटो राहतो तो टाकणाऱ्याच्या अल्बममध्ये, आणि त्या अल्बमचं 'कोण बघतं' टाकणारा ठरवतो. लग्नाच्या अल्बमसारखं समजा. तुमच्या कपाटातली प्रत तुम्ही कुलपात ठेवलीत, तरी फोटोग्राफरच्या शोकेसमध्ये नवरीशेजारी उभे तुम्ही तसेच हसत राहता. टॅग हा त्या शोकेसमधल्या फोटोला बांधलेला एक दोरा असतो, ज्याचं दुसरं टोक तुमच्या नावाला. सेटिंगने आणि मंजुरीने तुमच्या ताब्यात येतो तो दोरा. फोटो नाही.

पण दोरा काही कमी महत्त्वाचा नाही, बरं का. अनोळखी पालक तिच्या इनबॉक्सपर्यंत पोचले ते दोरा धरूनच. नुसत्या चेहऱ्यावरून विरारची पोरगी कुणाला सापडणार होती? म्हणून मंजुरी. कुणी टॅग केलं की व्हीके निरोप देतं आणि दोन पर्याय ठेवतं. «Подтвердить», म्हणजे पक्कं करा. «Удалить», म्हणजे काढून टाका. गडबडीत नोटिफिकेशन साफ करायच्या सवयीने लोक पहिलं बटण दाबून मोकळे होतात, कारण ते समोर असतं आणि दाबलं की लाल टिंब जातं. मावसबहिणीनेही नदीकाठच्या फोटोला असंच 'पक्कं' करून टाकलं होतं, मेसच्या रांगेत उभी असताना. शब्द कळला नव्हता एवढंच. आता फोटो उघडून टॅग काढला. नऊपैकी आठ नावं उरली.

आणि दोऱ्याशिवायही नाव येऊ शकतं. फोटोखालच्या मजकुरात कुणी तुमच्या नावाची लिंक घातली तर ती टॅग नसते, उल्लेख असतो, आणि त्याला तुमची मंजुरी लागत नाही. टॅगचं दार लावलं म्हणून उल्लेखाची खिडकी लागत नाही. तिथे माणसाशीच बोलावं लागतं. मावसबहिणीने कोऑर्डिनेटरला दोन ओळी लिहिल्या: माझा फोटो जाहिरातीसाठी वापरायला मी परवानगी दिलेली नाही, कृपया काढा. स्वर नम्र, पण 'जाहिरात' आणि 'परवानगी' हे दोन्ही शब्द त्यात. ते नसते तर ती नुसती कुरकुर ठरली असती.

शेवटी राहिलं सगळ्यात मोठं बटण, «Закрытый профиль», बंद प्रोफाइल. हे चालू केलं की मित्र नसलेल्यांना नाव, प्रोफाइल फोटो आणि थोडीफार जुजबी माहिती सोडून पुढचं दिसत नाही. हे बटण व्हीकेमध्ये आलं ऑगस्ट 2018 च्या अखेरीस, आणि ते काही कंपनीला सहज सुचलं म्हणून नाही. त्या उन्हाळ्यात सायबेरियातल्या बर्नाऊल शहरात काही तरुणांवर फौजदारी खटले भरले गेले. कशावरून? त्यांनी व्हीकेवर साठवलेल्या मीम्सवरून. बोंब झाली, आणि मग कंपनीने हा पडदा आणला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संबंधित कलम 282 थोडं सैल करणारा कायदाही झाला.

हे वाचताना मला आपला पालघर आठवला. नोव्हेंबर 2012. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. पुढे 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते 66अ कलमच रद्द केलं. बर्नाऊल आणि पालघरमध्ये हजारो किलोमीटरचं अंतर, पण दोन्हीकडे पोलिसांपर्यंत गोष्ट पोचली ती कुणीतरी बघितली म्हणून.

म्हणून बंद प्रोफाइल काय करत नाही, तेही मावसबहिणीला सांगितलं. हे सगळे पडदे एका वापरणाऱ्याने दुसऱ्या वापरणाऱ्यासमोर धरायचे आहेत. कंपनी पडद्याच्या आतच बसलेली असते. आणि रशियात 2016 मध्ये झालेल्या यारोवाया कायद्याप्रमाणे अशा कंपन्यांना लोकांचे संदेश ठराविक काळ साठवून ठेवावे लागतात, मागितले तर सरकारी यंत्रणांना द्यावे लागतात. परदेशी विद्यार्थिनीने तिथल्या राजकारणावर स्टोरी टाकावी आणि «Только друзья» आहे म्हणून निवांत झोपावं, असं ते सेटिंग नाही. शिवाय चौदांपैकी एकीने स्क्रीनशॉट काढला तर तो कुठलंच बटण अडवत नाही. तिच्या चौदांत एक नाव होतं, दोनदा विचार करून तिने तेही काढलं. तेरा.

आपल्या इन्स्टाग्रामचं काय, असं विचाराल, तर मामला हुबेहूब तोच, फक्त अक्षरं ओळखीची. सेटिंगमध्ये Tags and mentions आणि त्यात Manually approve tags. हे चालू केलं की टॅग झालेला फोटो तुम्ही हो म्हटल्याशिवाय तुमच्या प्रोफाइलवर लागत नाही. टाकणाऱ्याच्या पानावर मात्र तो असतोच, दोराच काय तो तुमच्या हातात. आज घरी जाताना नायगाव ते वसई एवढ्या वेळात होईल.

परवा मावसबहिणीचा निरोप आला. कोऑर्डिनेटरने मजकुरातला 'आमचे आनंदी विद्यार्थी' काढला, आता तिथे नुसतं एक फुलाचं चिन्ह आहे. फोटो अजून तिथेच आहे. टॅग उरलेत तीन. बाकीच्या पाच जणींनी हिच्याकडून «Удалить»चा अर्थ विचारून घेतला.